हजार रुपये हरण्याचे दुःख किती रुपये जिंकल्याने फिटते?

अंजनवेल

आमच्या वाचक मंडळाच्या गेल्या बैठकीत मी सर्वांना एक प्रश्न घातला होता. त्याची उत्तरे आठवडाभर मनात घोळत आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रश्न असा होता. एक खरे नाणे उडवायचे. छापा पडला तर आपण खिशातून एक हजार रुपये द्यायचे, काटा पडला तर आपल्याला काही रक्कम मिळायची. ती रक्कम निदान किती असेल तर आपण ही पैज घ्याल? पैज एकदाच, आणि पैसे जागच्या जागी चुकते करायचे.

आम्ही चौदा जण होतो. हिशेबाने पाहिले तर हजारावर एक रुपया जास्त मिळणार असला तरी पैज आपल्या बाजूचीच आहे. प्रत्यक्षात अकराशेला तयार झालेला एकच जण निघाला. तिघे दीड हजारावर थांबले, आठ जणांनी दोन हजार किंवा त्याहून मोठे आकडे सांगितले, आणि दोघींनी कितीही दिले तरी ही पैज नको असे स्पष्ट सांगितले. मी स्वतः अडीच हजार म्हटले होते. आमच्यापैकी कोणाचीही चूल हजार रुपयांवाचून अडत नाही. सगळे नोकरीत आहेत किंवा निवृत्तिवेतन घेत आहेत.

घरी आल्यावर यजमानांना विचारले तर ते म्हणाले की हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये हे शहाणपण आहे, त्यात नवल कसले. मला मात्र दोन गोष्टी कळत नाहीत. हजार रुपये गेल्याचे दुःख हजार रुपये मिळाल्याच्या आनंदाहून खरोखरच दुप्पट, अडीचपट असते का? आणि असल्यास ते का असावे?

त्रैराशिक

अंजनवेलताई, याचे उत्तर जुने आहे आणि मला ते पुरेसे वाटते. पहिल्या भाकरीने जी तृप्ती मिळते ती चौथ्या भाकरीने मिळत नाही. पैशाचेही तसेच आहे. आपल्याजवळ आहे त्यात हजार रुपयांची भर पडली तर ती पुढची भाकरी होते, आणि आहे त्यातून हजार गेले तर आधीची भाकरी जाते. आधीची भाकरी अधिक मोलाची, म्हणून जाण्याचे दुःख येण्याच्या सुखाहून मोठे. डॅनिएल बर्नुलीने हे १७३८ सालीच मांडले होते, आणि विमा का विकला जातो याचा उलगडाही त्यानेच होतो. मला यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न दिसत नाही. हा सरळ हिशेब आहे.

कोरा कागद

त्रैराशिक यांनी दिशा बरोबर सांगितली आहे, पण तो हिशेब आकडे घालून पुरा केला तर तो अंजनवेलताईंच्या प्रश्नापर्यंत पोचत नाही, हे मला थोडे सविस्तर दाखवावेसे वाटते. मी अर्थशास्त्र शिकवण्यात बरीच वर्षे घालवली आहेत, आणि ही आकडेमोड प्रत्येक वर्गात फळ्यावर करत असे.

बर्नुलीचे म्हणणे साध्या भाषेत असे की मालमत्ता दुप्पट झाल्याने समाधान जेवढे वाढते, तेवढेच ती निम्मी झाल्याने घटते. आता एखाद्याची एकूण मालमत्ता दहा लाख रुपये आहे असे धरू. हजार गेले तर त्याच्याकडे ९,९९,००० राहतात. हे दुःख नेमके फिटण्यासाठी काटा पडल्यावर किती मिळायला हवेत, हे या नियमाने काढले तर उत्तर १,००१ रुपये येते. बर्नुलीचा माणूस हजाराच्या जोखमीसाठी एक रुपया जास्त मागतो. ताईंच्या मंडळातील माणसे हजार आणि दीड हजार जास्त मागत आहेत.

उलट बाजूनेही पाहता येते. दोन हजार मागणारा मनुष्य बर्नुलीच्या नियमाने वागत असेल, तर त्याची एकूण मालमत्ता किती असली पाहिजे? दोन हजार रुपये. हरला तर हजार उरतील, म्हणजे निम्मे, आणि जिंकला तर चार हजार होतील, म्हणजे दुप्पट. घरदार, ठेवी, दागिने असलेला माणूस आपल्याजवळ जन्मभराचे मिळून दोनच हजार आहेत अशा थाटात निर्णय घेत असेल, तर त्याचे कारण भाकरीच्या दृष्टान्तात नाही. मॅथ्यू रेबिन यांनी २००० साली याच दिशेने आणखी पुढचा निष्कर्ष काढला. शंभर हरण्याच्या आणि एकशेदहा जिंकण्याच्या पैजेला कितीही मालमत्ता असताना जो नकार देतो, त्याच्या नकाराचे कारण केवळ घटते समाधान मानले, तर हजार हरण्याच्या पैजेला त्याने समोर कितीही मोठी रक्कम ठेवली तरी नकारच दिला पाहिजे. असा माणूस कोणी पाहिलेला नाही.

मग कारण कोठे शोधायचे? डॅनियल कानेमान आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली सांगितले की माणूस एकूण मालमत्तेकडे पाहतच नाही. तो आता आहे तिथे एक खूण करतो, आणि खुणेच्या वर काय व खाली काय एवढेच मोजतो. खुणेखालचा उतार वरच्या चढापेक्षा जास्त तीव्र असतो. यालाच इंग्रजी नावाने लॉस ॲव्हर्जन म्हणतात, मराठीत मी तोट्याची धास्ती म्हणतो.

त्यांची एक जोडी मला सर्वात बोलकी वाटते. एका गटाला सांगितले की तुमच्याजवळ आहे त्यात तुम्हाला १,००० दिले आहेत, आता निवडा: आणखी ५०० खात्रीने, किंवा नाणेफेकीने आणखी १,००० अथवा काहीच नाही. १०० पैकी ८४ जणांनी खात्रीचे ५०० घेतले. दुसऱ्या गटाला सांगितले की तुम्हाला २,००० दिले आहेत, आता निवडा: ५०० खात्रीने परत द्या, किंवा नाणेफेकीने १,००० द्या अथवा काहीच देऊ नका. इथे १०० पैकी ६९ जणांनी नाणे उडवणे पसंत केले. दोन्ही प्रश्नांत शेवटी हातात येणारे पैसे अगदी सारखे आहेत: एकीकडे खात्रीने १,५००, दुसरीकडे १,००० किंवा २,०००. बदलली ती फक्त खूण. पहिल्या गटाची खूण हजारावर होती, दुसऱ्याची दोन हजारांवर, आणि तेवढ्याने माणसे सावध होण्याऐवजी जोखीम घेणारी झाली.

जुने पासबुक

हा धागा वाचून मला माझा सल्ला कोणाकडे मागावा ते कळले. मी शेअरांत तोट्यात आहे, आणि तोटा न होता त्यातून बाहेर कसे पडावे हे कोणी जाणकाराने सांगावे.

मी एका कंपनीचे २०० शेअर ४८० रुपयांनी घेतले होते. भाव ३०० वर आला तेव्हा ॲव्हरेज करावे म्हणून आणखी १०० घेतले, त्यामुळे माझी सरासरी किंमत ४२० झाली. आज भाव २६० आहे. मध्यंतरी घराच्या गच्चीची गळती काढण्यासाठी मला पाऊण लाख हवे होते. माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचेही शेअर होते, ते १५० ला घेतलेले आणि २४० वर असलेले. ते विकून काम भागवले. पहिल्या कंपनीचे मात्र मी मुद्दल आल्याशिवाय विकणार नाही, कारण विकेपर्यंत तोटा हा कागदावरचाच असतो, खरा नसतो. गेली सहा वर्षे मी रोज सकाळी त्याचा भाव पाहतो. पत्नी म्हणते की तो आकडा पाहिल्यावर माझा चहाही गार होतो. बँकेत चौतीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे सांभाळले आणि स्वतःच्या बाबतीत असे व्हावे याचे वाईट वाटते.

अंजनवेल

काका, मी सल्ला देण्याइतकी जाणकार नाही, पण तुमचा अनुभव माझ्या प्रश्नाचाच एक भाग आहे असे मला वाटते, म्हणून तो इथेच राहू द्या. ४२० हा आकडा तुमच्याखेरीज बाजारात कोणालाच ठाऊक नाही, आणि तरी सहा वर्षे तुमची सकाळ त्याच्याभोवती फिरत आहे.

कोरा कागद

पासबुककाका, कोणते शेअर ठेवावेत आणि कोणते विकावेत हे मी सांगणार नाही, कारण त्या कंपनीचे भवितव्य मला माहीत नाही. पण आपण जे केले ते इतके लोक करतात की त्यावर स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका दलाली पेढीची १९८७ ते १९९३ या काळातील दहा हजार खाती तपासली आणि निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केले. खातेदार विक्रीला बसले त्या दिवशी त्यांच्याकडे नफ्यातले जेवढे शेअर होते त्यांपैकी सुमारे १५ टक्के विकले गेले, आणि तोट्यातल्यांपैकी जेमतेम १० टक्के. विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी पुढच्या वर्षभरात, जवळ ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरीने ३.४ टक्के अंकांनी जास्त परतावा दिला. म्हणजे पडलेला पुन्हा उठेल ही आशा त्या काळात एकंदरीने फळली नाही. फक्त डिसेंबरात हे चित्र उलटे होत असे, कारण तिथे करवर्ष संपते आणि तोटा दाखवल्याने कर वाचतो. तोटा मान्य करण्याला काही बक्षीस मिळते असे दिसले की माणसे तो मान्य करतात, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरांचा तोटा तशाच शेअरांच्या नफ्यातून वजा करता येतो. त्यामुळे गच्चीसाठी नफ्यातले शेअर विकताना कराचा हिशेब तुमच्या निवडीच्या बाजूचा नव्हता.

ॲव्हरेज करण्याबद्दलही दोन शब्द. कंपनी चांगली वाटते म्हणून ३०० ला आणखी घेतले असतील तर त्यात काही चूक नाही. पण खूण ४८० वरून ४२० वर आली म्हणजे तिथे पोचणे सोपे होईल, एवढ्यासाठी घेतले असतील, तर वर सांगितलेल्या दुसऱ्या गटाने नाणे उडवले तसेच ते आहे. खुणेच्या खाली उभा असलेला माणूस परत वर येण्यासाठी अशी जोखीम पत्करतो, जी खुणेवर उभा असताना त्याने घेतली नसती.

यातला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. तुमच्या ३०० शेअरांची आजची किंमत ७८,००० रुपये होते. समजा काल रात्री कोणी ते तुमच्या नकळत विकून टाकले आणि आज सकाळी ७८,००० रुपये तुमच्या खात्यात आहेत. तुम्ही आज ते २६० च्या भावाने पुन्हा विकत घ्याल का? घेणार असाल तर ठेवण्याला कारण आहे. घेणार नसाल, तर शेअर तुमच्याजवळ राहिले आहेत ते ४२० या आकड्यामुळे.

जुने पासबुक

घेणार नाही. मी ते पैसे मुदत ठेवीत टाकले असते. हे लिहिताना मला बराच वेळ लागला. तरीही उद्या सकाळी उठून विकीन असे मी आज म्हणू शकत नाही, कारण विकले की अठ्ठेचाळीस हजारांचा तोटा माझ्या हातून झाला असे होईल. आज तो बाजाराने केलेला आहे.

कांदाचाळ

मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. शेअरांचे मला कळत नाही, पण खूण म्हणता ती मी ओळखतो. माझे उदाहरण सांगतो, आणि माझी एक हरकतही आहे.

उन्हाळ कांदा काढला तेव्हा क्विंटलला १,३०० रुपये भाव होता. मी चाळीत भरला. पाच महिन्यांत वजनातली तूट आणि सड मिळून माझा साधारण तिसरा हिस्सा जातो, म्हणजे आजच्या एका क्विंटलचे तेव्हा दोन तृतीयांश क्विंटल उरणार. १,३०० ची बरोबरी करायला तेव्हा १,९५० भाव मिळाला पाहिजे, हे मला भरतानाच माहीत होते. ऑगस्टात भाव २,००० झाला, तेव्हा सडही माझ्या हिशेबापेक्षा कमी निघाली होती. शेजाऱ्याने विकला. मी थांबलो, कारण गेल्या वर्षी मला २,४०० मिळाले होते आणि त्याच्या खाली विकणे मला चारशे रुपये फेकून देण्यासारखे वाटत होते. पुढे भाव १,६०० वर आला आणि तिथे मी विकला.

आता हरकत. कोरा कागद यांची कसोटी शेतकऱ्याला लागू पडत नाही. माझ्याकडे चाळीत कांदा नसता आणि रोख पैसे असते, तर मी २,००० ने कांदा विकत घेऊन भरला असता का? कधीच नाही. पण याचा अर्थ ठेवणे चूक होते असा होत नाही. विकत घ्यायला गेलो की आडत, हमाली, वाहतूक माझ्यावर पडते, आणि दोनदा हाताळलेला कांदा टिकत नाही. माझा घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव एक नाही. शिवाय भाव वाढेल म्हणून थांबणे ही प्रत्येक वेळी धास्ती नसते, कधी तो अंदाज असतो आणि बऱ्याच वर्षी तो बरोबरही येतो.

कोरा कागद

आपली हरकत पूर्णपणे योग्य आहे. घेण्या-विकण्याच्या खर्चात अंतर असेल तिथे माझी कसोटी फसते. शेअरांत ते अंतर अगदी लहान असते, म्हणून तिथे ती चालते. आपल्यासाठी प्रश्न वेगळा विचारायला हवा. गेल्या वर्षी आपल्याला २,४०० च्या ऐवजी १,५०० मिळाले असते, आणि या वर्षीची आवक, मागणी, चाळीतली सड हे सगळे जसेच्या तसे असते, तर ऑगस्टात २,००० ला आपण काय केले असते?

कांदाचाळ

त्याच आठवड्यात ट्रॅक्टर भरून बाजार समितीत नेला असता.

उलटतपासणी

मी मानसशास्त्राची अभ्यासक आहे, आणि वरची सगळी चर्चा आवडूनही मला एका ठिकाणी थांबवावेसे वाटते. अंजनवेलताईंनी विचारले होते की दुःख खरोखर दुप्पट असते का. त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. आतापर्यंत जे आले ते सगळे निवडींबद्दल आहे. माणूस तोट्याला दुप्पट वजन देऊन निवड करतो, म्हणून त्याला दुप्पट दुखते, असे आपण गृहीत धरत आहोत.

दुपटीचा आकडा कोठून आला तेही पाहिले पाहिजे. ट्वर्स्की आणि कानेमान यांच्या १९९२ च्या लेखात तोट्याचे वजन २.२५ पट असल्याचे दिले आहे, आणि तो लेख पंचवीस पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर उभा आहे. त्या पंचवीस जणांच्या उत्तरांतला तो मधला आकडा आहे. तो निसर्गाचा स्थिरांक असल्यासारखा लेखांतून आणि भाषणांतून सांगितला जातो, याची मला खंत वाटते.

दुखण्याचे प्रत्यक्ष मोजमाप करण्याचा एक प्रयत्न डेबोरा कर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना छोट्या रकमांच्या नाणेफेकीआधी विचारले की हरलात तर किती वाईट वाटेल आणि जिंकलात तर किती बरे वाटेल. नाणे पडल्यावर त्यांना प्रत्यक्षात कसे वाटते ते पुन्हा विचारले. आधीच्या अंदाजात हरण्याचा परिणाम जिंकण्याहून मोठा होता, प्रत्यक्षात तसा तो आढळला नाही. हरलेली माणसे स्वतःची समजूत घालतात, जे उरले त्याकडे पाहतात, आणि हे आपण करू शकू याचा त्यांना आधी अंदाज नसतो. तेव्हा धास्ती खरी आहे, पण ती दुःखाची आहे की दुःखाच्या अंदाजाची, हा प्रश्न उरतो.

आणखी एक गोष्ट. लुकाश वालासेक आणि नील स्टुअर्ट यांनी २०१५ साली दाखवले की प्रयोगात जिंकण्याच्या रकमा हरण्याच्या रकमांच्या दुप्पट पल्ल्याच्या ठेवल्या तर तोट्याची धास्ती दिसते, दोन्हींचा पल्ला सारखा ठेवला तर ती नाहीशी होते, आणि पल्ले उलटे केले तर ती उलटी होते. समोर कोणत्या रकमा ठेवल्या यावर उत्तर इतके हलत असेल, तर मनात पक्का बसलेला एक उतार आहे हे मान्य करणे मला कठीण जाते.

कोरा कागद

यातला पहिला आक्षेप मी स्वीकारतो. निवड आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी वर्गातही त्या एकत्र करत आलो, हे मला आपला प्रतिसाद वाचताना जाणवले. दुसऱ्या आक्षेपाबद्दल मी इतका पुढे जाणार नाही. १९७९ चे प्रश्न २०२० साली एकोणीस देशांत, तेरा भाषांत, चार हजारांहून अधिक लोकांना विचारण्यात आले, आणि बहुतेक ठिकाणी निवडींची दिशा तीच राहिली, जरी जोर काहीसा कमी होता. शेकडो अंदाज एकत्र करून काढलेली सरासरीही दोनच्या जवळच येते. एका माणसाचा आकडा प्रयोगागणिक हलतो हे खरे, पण तो हलत हलत बहुधा एकाच्या वरच राहतो.

मात्र आपल्या आक्षेपाशी जवळचा एक जुना प्रसंग आहे. १९६३ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी लिहिले की त्यांनी जेवणाच्या वेळी सहकाऱ्यांपुढे पैज ठेवली होती: नाणेफेकीत हरलात तर शंभर डॉलर द्या, जिंकलात तर दोनशे घ्या. एका विद्वान सहकाऱ्याने नकार दिला. शंभर गेल्याचे मला दोनशे मिळाल्यापेक्षा जास्त जाणवेल, पण अशा शंभर पैजा लावू देत असाल तर मी तयार आहे, असे तो म्हणाला. सॅम्युएल्सन यांनी सिद्ध केले की एक पैज प्रत्येक वेळी नाकारणाऱ्याने शंभरांची मालिका स्वीकारणे तर्काला धरून नाही. पण सहकाऱ्याचे म्हणणे मूर्खपणाचे होते असे मला कधीच वाटले नाही.

त्रैराशिक

माझी भाकरी एका रुपयापर्यंतच पोचते हे मान्य करतो. काल रात्री मी स्वतः वहीत ते करून पाहिले, उत्तर १,००१ च आले. पण सॅम्युएल्सन यांच्या सहकाऱ्याचा मुद्दा आकड्यांत बसतो का हे पाहण्यासाठी मी अंजनवेलताईंचेच उदाहरण घेतले. त्यांनी अडीच हजार मागितले, म्हणजे त्यांच्यासाठी तोट्याचा एक रुपया अडीच रुपयांइतका जड. पैज दोन हजारांची ठेवू.

एक फेक: निम्म्या शक्यतेने दोन हजारांचे सुख, त्याचे एक हजार. निम्म्या शक्यतेने एक हजाराचा तोटा, तो जाणवतो अडीच हजारांइतका, त्याचे साडेबाराशे. एकूण उणे २५०. ताई नकार देतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

आता दोन फेका, पण मध्ये निकाल पाहायचा नाही, शेवटी एकदाच हिशेब करायचा. चारांत एकदा दोन्ही जिंकून ४,००० येतात, त्याचे एक हजार. चारांत दोनदा एक जिंकून एक हरतात, हाती १,०००, त्याचे पाचशे. चारांत एकदा दोन्ही हरून २,००० जातात, ते जाणवतात पाच हजारांइतके, त्याचे साडेबाराशे. एकूण अधिक २५०. त्याच ताई, तेच नाणे, तीच धास्ती, आणि उत्तर होकाराचे. मधल्या दोन शक्यतांत एक हार झालेली असते, पण जिंकलेल्या फेकीने ती झाकली जाते आणि ताईंना ती कधी दिसतच नाही.

कोरा कागद

अगदी हेच श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ साली शेअर बाजाराला लावून पाहिले. तोट्याची धास्ती आणि वारंवार हिशेब पाहण्याची सवय या दोन्ही एकत्र आल्या की शेअर असह्य वाटू लागतात. तोट्याचे वजन दुपटीहून थोडे अधिक धरले, तर लोक शेअरांतून रोख्यांपेक्षा जो मोठा परतावा मागतात, तो वर्षातून साधारण एकदा हिशेब पाहणाऱ्या माणसाच्या मागणीशी जुळतो, असे त्यांना आढळले. पासबुककाका रोज सकाळी पाहतात. एखाद्या शेअरचा रोजचा भाव जवळजवळ निम्म्या दिवशी खालीच असतो, म्हणजे उतार तीव्र असलेल्या माणसाने रोज एक फेक घ्यावी आणि प्रत्येक फेकीचा वेगळा हिशेब मांडावा, तसे हे आहे.

उलटतपासणी

त्रैराशिक यांचा हिशेब सुंदर आहे, आणि तरी माझा प्रश्न तिथेच आहे. अडीचपट हे वजन तुम्ही ताईंच्या मागणीतून घेतले, त्यांच्या दुःखातून नाही. पासबुककाकांचा गार होणारा चहा मला अधिक ठोस पुरावा वाटतो, कारण तो रोजचा प्रत्यक्ष अनुभव आहे, पुढच्या दुःखाचा अंदाज नाही. पण सहा वर्षांत त्यांची समजूत का पडली नाही? मला वाटते, विकले नाही म्हणूनच. संपलेल्या तोट्याशी मन जुळवून घेते, उघड्या ठेवलेल्याशी घेत नाही. हे मी सिद्ध करू शकत नाही, माझा हा अंदाज आहे.

अंजनवेल

काल मंडळाची बैठक झाली, आणि मी प्रश्न बदलून पुन्हा विचारला. हजाराऐवजी दहा रुपयांची पैज ठेवली. या वेळी चौदापैकी अकरा जण बरोबरीच्या पैजेला, म्हणजे दहा हरणे किंवा दहा जिंकणे, हसत तयार झाले. मागच्या वेळी कितीही दिले तरी नको म्हणणाऱ्या दोघींपैकी एक त्यांत होती. मग मी त्रैराशिक यांची दोन फेकांची पैज मांडली, हजार आणि दोन हजारांची, शेवटी एकदाच हिशेब करण्याच्या अटीवर. मागच्या वेळी दोन हजार किंवा जास्त मागणाऱ्या आठांपैकी पाच जण तयार झाले, मीही झाले. दुसरी जी कशालाच तयार नव्हती ती याही वेळी नव्हती. तिला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की तिच्या वडिलांनी एकदा पैजेत सायकल घालवली होती, आणि ती सायकल तिला शाळेत सोडायची. तिची खूण नाण्याच्या किती आधी पडली आहे, हे माझ्या प्रश्नात मोजायला जागाच नव्हती.

दहा रुपयांना धास्ती दिसत नाही आणि हजाराला दिसते, याचा अर्थ उताराची तीव्रता रकमेबरोबर बदलते, की दहा रुपयांना आम्ही पैसेच मानत नाही? उलटतपासणी आणि कोरा कागद, दोघांचेही मत वाचायला आवडेल.

जुने पासबुक

मी काल शंभर शेअर विकले. उरलेले दोनशे अजून ठेवले आहेत. आज सकाळी भाव पाहिला तो त्या दोनशेंचाच, विकलेल्या शंभरांचा हिशेब मनात आला नाही. उलटतपासणी यांच्या अंदाजाला याने काही आधार मिळतो का, ते त्यांनीच पाहावे.